भोंऽऽऽडुबुक : नावावरच खुदकन हसवणाऱ्या भुताची गोष्ट कशी बांधायची

प्रश्न : मी सोलापुरात बालवाडी चालवते. चार ते सहा वर्षांची मुलं आहेत. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या तेलुगू, कुणाच्या कन्नड. मुलं भुताची गोष्ट मागतात आणि मग घाबरून बसतात. ज्याचं नाव ऐकूनच ती खुदकन हसतील असं एक प्रेमळ भूत घेऊन छोटी गोष्ट लिहायची आहे. 'हसरू भूत' असं नाव ठेवून पाहिलं, कुणी हसलं नाही. नाव कसं शोधू आणि गोष्ट कशी लिहू?

उत्तर :

ताई, 'हसरू' म्हटलं की हे भूत काही करणार नाही हे मुलाला आधीच कळतं. मग ना भीती, ना हसू. गोलू, छोटू, प्रेमू या नावांचंही तेच होतं. लहान मूल खुदकन हसतं ते कधी? अंग आवळून काहीतरी भयंकर यायची वाट बघत असतं आणि येतं भलतंच, किरकोळ काहीतरी, तेव्हा. म्हणून नावाच्या आतच दोन तुकडे हवेत. पहिला तुकडा क्षणभर भीती दाखवणारा, दुसरा ती भीती पाडून टाकणारा. अर्थ नसला तरी चालेल, किंबहुना नसलेलाच बरा. चार वर्षांचं मूल नाव कानानं ऐकतं, अर्थानं नाही.

मी वापरते ते नाव आहे भोंऽऽऽडुबुक. मोठ्यानं म्हणून बघा. 'भोंऽऽऽ' छातीतून येतो, लांब, जड. ओठ गोल होतात आणि आवाज खोलीभर पसरतो. मग 'डुबुक'. तीन छोटे ठोके आणि शेवटी 'क'वर आवाज पटकन बंद. बेडूक तळ्यात उडी मारतो तो आवाज, मुलांच्या ओळखीचा. आता हेच नाव उलटं करा, 'डुबुकभोंऽऽऽ'. हसू गेलं. शेवटी भीतीच उरली, कारण कानात राहतो तो शेवटचा आवाज. तुम्ही कुठलंही नाव शोधा, त्याचे तुकडे असे उलटसुलट करून बघा. दोन्हीकडून सारखंच वाटलं तर त्या नावात चढ-उतार नाही, ते सोडून द्या.

दुसरी गोष्ट, नाव मुलाच्या तोंडात बसायला हवं. या वयात पुष्कळ मुलांचा र, ळ, ण अजून पक्का नसतो आणि जोडाक्षरं अडखळतात. 'खर्रखट्ट्या' हे नाव ऐकायला गमतीचं, पण मुलाला ते म्हणता येत नाही, आणि जे म्हणता येत नाही ते घरी जात नाही. भोंडुबुकमध्ये एकच अवघड अक्षर आहे, भ. ते काही मुलं 'बोंडुबुक' करतात. करू द्या. नाव मोडलं तरी त्यातली गंमत शाबूत राहते, हीच त्याची खरी परीक्षा. लांबीही बघा. 'भोंभडाभडडुबुकडुबुक' वर मुलं एकदा जोरात हसतील, पण परत कुणालाच म्हणता येणार नाही.

आता सोलापूरची खास अडचण. आपल्याकडे एका वर्गात तीन-चार भाषा बसलेल्या असतात, आणि मराठीत निव्वळ आवाज असलेला शब्द दुसऱ्या घरात शिवी निघू शकतो. माझ्या या नावाचा शेवट 'पुक' असा करायचा मोह कुणालाही होईल. मराठी कानाला तो डुबुकहून जास्त गमतीचा लागतो. पण पूर्व भागातल्या तेलुगू घरात तो उच्चार फार घाणेरड्या शिवीजवळ जातो. मूल घरी जाऊन आईसमोर ते नाव मोठ्यानं म्हणणार, आणि दुसऱ्या दिवशी आई तुमच्या दारात. 'भों'ला लगेच 'स' जोडला तर हिंदी-दखनीत तोच प्रकार. म्हणून नाव पक्कं करण्याआधी एक तेलुगू बोलणारी, एक कन्नड बोलणारी आणि एक दखनी बोलणारी आई किंवा आजी गाठा. नाव फक्त मोठ्यानं म्हणा आणि त्यांच्या तोंडाकडे बघा. पदर तोंडाला लावून त्या एकमेकींकडे बघायला लागल्या, तर नाव बदला. त्या तुम्हाला कारण सांगणार नाहीत, लाजतील. तोंड मात्र लपत नाही. याच वेळी नाव कुणाच्या आडनावाशी, देवाशी, किंवा मुलांच्या एखाद्या उणिवेशी जुळत नाही ना, हेही तपासून घ्या. वर्गात अडखळत बोलणारं मूल असेल तर त्या वर्षी 'भ-भ-भ' करणारं भूत नको.

आता भूत कुठून आणायचं? मराठीत भुतं भरपूर आहेत, पण बालवाडीच्या कामाची फार थोडी. मुंजा म्हणजे मुंज झालेला आणि सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा. हडळ म्हणजे बाळंतपणात किंवा पोटुशी असताना गेलेली बाई. खवीस, समंध, झोटिंग, सगळ्यांच्या मागे कुणाचा तरी मृत्यू आणि काहीतरी राहून गेलेलं आहे. तुमच्या वर्गात एखाद्याची आजी किंवा वडील नुकतेच गेलेले असतील. तुम्ही 'प्रेमळ भूत' म्हणालात की ते मूल गोष्ट संपल्यावर विचारेल, "माझे पप्पा पण येतात का मग?" याला हसून उत्तर देता येत नाही. म्हणून माझा एक नियम आहे: लहान मुलांच्या गोष्टीतलं भूत कधीच माणूस नसावं. ते एखाद्या वस्तूचं किंवा आवाजाचं असावं, जे बंद पडलं पण पुरतं गेलं नाही.

सोलापुरात असा आवाज आयता आहे, मिलचा भोंगा. इथली जुनी मिल 1877 साली सुरू झाली, मागून आणखी मिल आल्या, आणि भोंग्यावर अख्ख्या शहराचं उठणं, जेवणं, पाळी बदलणं चालायचं. मिल बंद झाल्या तसे भोंगेही थांबले. आजच्या मुलांनी तो ऐकलेला नाही, पण त्यांच्या आज्जी-आजोबांच्या कानात तो अजून आहे. मूल घरी जाऊन 'भोंऽऽऽ' करतं आणि आजोबा मान वर करतात, हा आपला फायदा.

पूर्ण गोष्ट अशी. मी सांगते तशीच लिहिली आहे, म्हणून वाक्यं तोडकी आहेत.

सोलापुरात एक मिल होती. मिलला होतं एक उंच धुरांडं. आणि मिलवर होता एक भोंगा. पहाट झाली की भोंगा वाजायचा. भोंऽऽऽ! की सगळे उठायचे. डबा घ्यायचे, चपला घालायचे, कामाला जायचे.

मग मिल बंद झाली. भोंगाही बंद झाला. पण भोंग्यातला आवाज? तो कुठं जाणार? तो तिथंच राहिला, एकटाच. दिवसा धुरांड्यात झोपायचा आणि रात्री वर येऊन बसायचा.

मिलच्या मागच्या चाळीत सिद्धू राहायचा. सिद्धू पाच वर्षांचा. तो आज्जीजवळ झोपायचा, चादर घेऊन. चादर सोलापुरी, जाडजूड, तिच्यावर मोर.

एका रात्री सिद्धूला जाग आली. का आली? शू लागली होती. मोरी होती अंगणाच्या पलीकडे. सिद्धूनं एक पाय चादरीबाहेर काढला. गार! पाय आत. दुसरा पाय बाहेर काढला. अंधार! तो पण आत.

तेवढ्यात आवाज आला.

भोंऽऽऽ

सिद्धूनं चादर नाकापर्यंत ओढली. "कोण आहे?"

कुणी बोललं नाही.

भोंऽऽऽ

आता आवाज दारात होता. दारात काहीतरी पांढरं उभं होतं. उंच. त्याला डोकं होतं, पण पाय नव्हते.

"को-कोण तू?"

ते पांढरं आणखी उंच झालं. त्यानं छाती फुगवली. "मी आहे भूत! माझं नाव ऐकलं की भलेभले पळतात! माझं नाव आहे, भोंऽऽऽ"

सिद्धूनं डोळे घट्ट मिटले.

"डुबुक."

सिद्धूनं एक डोळा उघडला. "काय?"

"भोंऽऽऽडुबुक."

सिद्धूच्या पोटात काहीतरी हललं. ते वर आलं. आणखी वर आलं. आणि नाकातून बाहेर पडलं. फिस्स!

"हसतोस काय बे?" भूत म्हणालं. "घाबर की!"

"परत सांग ना."

भुताला वाटलं, याला नीट ऐकू आलं नाही. ते उंबऱ्यावर चढलं. दोन्ही हात वर केले. डोळे मोठ्ठे केले. "भोंऽऽऽ" आणि त्याचा तोल गेला. खाली होती पाण्याची बादली. भूत गेलं सरळ बादलीत.

डुबुक!

सिद्धू पोट धरून हसायला लागला. "नको, नको, हसवू नको! मला शू लागलीय!"

"मग जा की," भूत बादलीतून म्हणालं.

"बाहेर अंधार आहे."

"अंधारात काय असतं?"

"भूत असतं."

"भूत तर इथं बादलीत आहे."

सिद्धूनं विचार केला. खरंच की! भूत इथं आहे, म्हणजे अंगणात कुणीच नाही. पण तरी तो म्हणाला, "तू चल माझ्याबरोबर."

"मी? मी घाबरवायला आलोय."

"घाबरवायचं काम आहे का तुला?"

भुतानं मान खाली घातली. "काम नाही. आधी होतं. सगळ्यांना उठवायचो. आता कुणाला उठवू?"

"मला उठव. रोज. शू लागली की."

भूत बादलीतून बाहेर आलं. अंगावरचं पाणी झटकलं. ताठ उभं राहिलं. "ड्यूटी?"

"ड्यूटी!"

मग दोघं निघाले. पुढं भूत, मागं सिद्धू. मोरीपाशी भूत पाठ करून उभं राहिलं. भुतांना सुद्धा कळतं ते.

दुसऱ्या रात्री खिडकीत हळूच आवाज आला. भोंऽऽऽ

आणि चादरीतून उत्तर गेलं, "डुबुक!" सिद्धू उठला, गेला, आला, झोपला.

सकाळी आज्जीनं अंथरूण चाचपलं. कोरडं! "अगं बाई! कोण उठवलं बे तुला?"

"भोंऽऽऽ" सिद्धू म्हणाला.

आज्जीचा हात थांबला. आज्जी त्या मिलमध्ये कामाला होती ना! तो आवाज तिला माहीत होता.

"डुबुक!" सिद्धू म्हणाला.

आज्जी हसली. इतकी हसली, इतकी हसली, की तिची कवळी निघाली आणि पाण्याच्या पेल्यात पडली. कशी पडली?

डुबुक!

आणि धुरांड्यातून झोपाळू आवाज आला, "कुणी हाक मारली मला?"

आता यातल्या दोन-तीन जागा उघडून दाखवते, कारण तुम्ही नाव बदललंत तरी त्या जागा राहायला हव्यात.

नाव पूर्ण यायच्या आधी 'भोंऽऽऽ' एकटाच दोनदा येऊन जातो. तेवढ्यात मुलांचं अंग आवळतं. पहिल्याच वाक्यात "एक होतं भोंडुबुक नावाचं भूत" असं लिहिलं असतंत तर सगळी हवा तिथंच गेली असती. 'हसरू'चं असंही झालं असेल, की नाव सुरुवातीलाच सांगून टाकलंत. नाव हा या गोष्टीचा पहिला विनोद आहे, आणि विनोदाच्या आधी थोडा अंधार लागतो. फार नको. माझ्या मते दोन 'भों' पुरेत. तिसरा घातला की धीट मुलं कंटाळतात आणि भित्री मुलं तुमच्या मांडीत येतात.

मग बादली. नाव पहिल्यांदा ऐकून मुलं आवाजाला हसतात. ते हसू दोन-तीन वेळा म्हटलं की विरतं. म्हणून नावाचा शेवट गोष्टीत खरोखर घडला पाहिजे. भूत बादलीत पडतं तेव्हा ते नाव सांगत नाही, ते स्वतःच नाव होतं. कवळी पडते तेव्हा तिसऱ्यांदा, पण आता वस्तू वेगळी. 'कशी पडली?' विचारल्यावर सहा वर्षांची मुलं माझ्या आधी ओरडतात. तुम्ही दुसरं नाव घेतलंत, समजा शेवट 'फुस्स' असला, तर फुग्याची, चाकाची, फसलेल्या फटाक्याची हवा जाईल अशा जागा शोधाव्या लागतील. अशी एकही जागा सुचली नाही, तर ते नाव पूर्ण गोष्ट पेलणार नाही असं समजा. एक बारीक सूचना: भुताला पाण्याच्या पिंपावर चढवू नका. पिंप जास्त नाट्यमय आहे हे खरं, पण आपल्याकडे पाणी रोज येत नाही, घरोघरी भरलेली पिंपं असतात आणि मुलं जे ऐकतात ते करून बघतात. भूत मोठं आणि बादली छोटी, यात गंमतही जास्त आहे.

आणि 'भूत तर इथं बादलीत आहे'. मोठा माणूस असता तर म्हणाला असता, "अरे, भूत बीत काही नसतं." त्यावर कुठलंही मूल विश्वास ठेवत नाही, निदान रात्री तरी नाही. इथं मुलाचाच तर्क त्याच्या मदतीला येतो: एक भूत आहे, ते इथं आहे, म्हणजे तिथं नाही. हे वाक्य सांगताना घाई करू नका. चार वर्षांच्या मुलांना ते लगेच पोचत नाही. थांबलात की एखादं मूल शेजारच्याला समजावून सांगतं, आणि ते तुमच्यापेक्षा बरं सांगतं.

अंथरूण ओलं होण्याचा विषय मी मुद्दाम घेतला आहे. या वयातली रात्रीची भीती आणि शू वेगळी करता येत नाहीत. पण तो जपून घ्यावा लागतो. गोष्टीत आधी कधी अंथरूण ओलं झालं होतं, सिद्धूला कुणी रागावलं, चिडवलं, असं एक अक्षरही नाही. फक्त आज्जीचा आनंद आहे. आणि मुलाचं नाव तुमच्या हजेरीपटात नसलेलंच घ्या. सिद्धेश्वराच्या गावात सिद्धू, सिद्धाराम, सिद्धव्वा वर्गात हमखास असतात. तुमच्याकडे सिद्धू असेल तर तो दुपारपर्यंत 'शू-सिद्धू' झालेला असेल. तेव्हा बदला.

सांगताना दिवे घालवू नका आणि तोंडाला चादर बांधून भूत बनू नका. सगळं काम आवाजाचं आहे. पहिल्या पूर्ण नावाला 'भोंऽऽऽ' आणि 'डुबुक' यांच्यामध्ये एक पूर्ण श्वास जाऊ द्या. 'डुबुक' अगदी साध्या, बारीक आवाजात म्हणा, पत्ता सांगावा तसा. हसू आणायला म्हणून तोंड वेडंवाकडं केलंत तर मुलं तुमच्या तोंडाला हसतील, नावाला नाही, आणि नाव घरी जाणार नाही. दुसऱ्या वेळी श्वास अर्धा करा. 'खिडकीत हळूच आवाज आला' या जागी 'भोंऽऽऽ' म्हणून पूर्ण थांबा आणि मुलांकडे बघा. उरलेलं नाव मुलांनीच पुरं करायचं. त्यांनी केलं, तर नाव जमलं. शांतताच राहिली, तर एक तर नाव अवघड आहे नाही तर तुम्ही मधे फार बोललात.

दोन गोष्टी बिघडू शकतात. एक, हसण्याचा दंगा होतो. सगळी 'डुबुक डुबुक' करत उड्या मारायला लागतात. आवाज चढवू नका, उतरवा. पुढचं वाक्य कुजबुजत म्हणा. दुसरी जास्त नाजूक. एखादं मूल हसणाऱ्यांत नसतं. बाकीची हसतात तेव्हा ते दाराकडे बघतं, मुठी आवळलेल्या असतात, किंवा ओठ हसतात आणि डोळे हलत नाहीत. त्याला 'घाबरलास का?' असं सगळ्यांसमोर विचारू नका. पुढच्या 'भों'च्या आधी त्याला काम द्या: "डुबुक म्हणायचं काम तुझं." ज्याच्या हातात भीती पाडायचा तुकडा आहे, ते मूल सहसा पुढच्या वेळी सावरतं. तरी सावरलं नाही तर त्या दिवशी 'भों' अगदी छोटा करून गोष्ट उरका. तीन वर्षांखालच्या मुलांना तर मी रात्रीचा भागच सांगत नाही. भूत, बादली, डुबुक, बास. त्यांना एवढं पुरतं.

हीच गोष्ट कागदावर उतरवून चित्रांची वही करायची असेल, तर नाव दोन पानांत तोडा. उजव्या पानाच्या शेवटी 'भोंऽऽऽ', आणि पान उलटल्यावर वरच्या ओळीत एकटं 'डुबुक'. तुमचा थांबलेला श्वास म्हणजे ते पान उलटणं. अवग्रह तीनच ठेवा. सात-आठ केले की नुकतं अक्षर ओळखायला लागलेलं मूल ते चिन्ह मोजत बसतं. भुताचं चित्र पान उलटण्याआधी दाखवू नका, नुसतं दार आणि अंधार दाखवा. आणि भुताला दात काढायला कुठल्याही चित्रकाराला परवानगी देऊ नका.

शेवटचं, पण पालकसभेत सगळ्यात आधी सांगायचं. हे नाव घरी गेलं की कुणीतरी मोठं माणूस रात्री म्हणणारच, "झोपतोस का बोलवू भोंडुबुकला?" त्यांना वाटतं, गमतीचं भूत आहे, बिघडलं कुठं. पण त्या एका वाक्यानं भोंडुबुक इतर भुतांसारखंच धाकाचं भूत होतं आणि 'डुबुक'चं हसू संपतं. मुलांआधी आया-आज्ज्यांना ही गोष्ट एकदा पूर्ण ऐकवा आणि स्पष्ट सांगा, की या भुताचं नाव धाकाला वापरायचं नाही. वापरायचं असेल तर मोरीपर्यंत सोबत म्हणून वापरा. तरीही कुठल्या घरात ते धाकाला वापरलं गेल्याचं मुलाच्या बोलण्यातून कळलं, तर त्या मुलासमोर तेच नाव हट्टानं चालवू नका. त्याच्याकडूनच नव्या भुताचं नाव काढून घ्या. पहिला तुकडा तुम्ही द्या, दुसरा त्यानं द्यायचा.